१४९ रुपये महिन्याचे २५,४३१ रुपये कसे झाले: होस्टिंगच्या बारीक अक्षरांचा हिशेब

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानदाराचा २०२५ च्या दिवाळीआधी मला फोन आला. आवाजात काळजी होती. "काहून भाऊ, हा मेल खरा आहे का फ्रॉड? वेबसाइटचे पंचवीस हजार चारशे मागून राहिले. चार वर्षांआधी तर सव्वाआठ-साडेआठ हजारच भरले होते ना आपण?"

मेल खरा होता. २०२१ च्या दिवाळीत त्यांनी ऑफरमध्ये होस्टिंग घेतलं होतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "१४९ रुपये महिना" असं होतं. तेच होस्टिंग, तेवढ्याच मुदतीसाठी पुढे चालू ठेवायचं तर आता तिप्पट पैसे लागणार होते. कंपनीने काही लपवलं होतं का? नाही. १४९ च्या खाली, करड्या रंगाच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. घाईत ते कोणी वाचलं नाही.

बर्डीवर बसून छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवण्याचं काम मी करतो. असा फोन मला दर दिवाळीच्या आसपास येतोच, कारण बहुतेकांनी होस्टिंग सेलमध्ये घेतलेलं असतं आणि त्याची मुदतही मग सेलच्या दिवसांतच संपते. म्हणून या एकाच दुकानाचा हिशेब शेवटपर्यंत मांडतो. दर आणि कंपन्या बदलतील, पण वाचायची पद्धत हीच राहील.

पाटी वेगळी, गाळा वेगळा

वेबसाइट चालवायला दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. डोमेन म्हणजे तुमचं नाव, जसं की अमुकसाडी डॉट कॉम. ही दुकानाची पाटी. होस्टिंग म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर तुमचे फोटो, पानं आणि ऑर्डरी साठवलेल्या असतात तिथली भाड्याची जागा. हा तुमचा गाळा. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच कॉम्प्युटरवर शेकडो वेबसाइट असतात. एका कॉम्प्लेक्समध्ये शेकडो गाळे असावेत आणि पाणी, वीज, लिफ्ट सगळ्यांची मिळून असावी, तसा हा प्रकार.

पाटी काढून दुसऱ्या गाळ्यावर लावता येते. गिऱ्हाईक पाटी पाहून येतं, गाळा कोणाचा आहे हे त्याला ठाऊकही नसतं. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

१४९ चा आकडा कुठून येतो

जाहिरातीतला दर महिन्याचा असतो, पण पैसे महिन्याने घेतले जात नाहीत. हा दर हवा असेल तर ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरा, अशी अट असते. पैसे भरण्याच्या पानावर मुदत निवडायची जागा असते आणि तिथे बहुतेकदा सगळ्यांत लांब मुदत आधीच निवडून ठेवलेली असते. आमच्या प्लॅनमध्ये तीच मुदत १२ महिने केली की दर १९९ व्हायचा आणि १ महिना केली की थेट ५९९.

तर १४९ गुणिले ४८ म्हणजे ७,१५२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, जो जाहिरातीच्या आकड्यात धरलेला नसतो. एकूण ८,४३९. दुकानाचा जीएसटी नंबर असेल तर तो खरेदी करतानाच टाकावा, म्हणजे बिलावर येतो आणि कराची वजावट घेता येते. या दुकानदारांनी तो टाकलाच नव्हता.

हा झाला सुरुवातीचा दर. तो पहिल्या मुदतीपुरताच आणि नव्या गिऱ्हाइकापुरताच असतो. मुदत संपल्यावर लागतो तो नूतनीकरणाचा दर, आणि माझ्या मते होस्टिंगचा खरा दर तोच. तो प्लॅनच्या चौकटीत खाली `Renews at ₹449/mo` अशा ओळीत दिलेला असतो. ४४९ गुणिले ४८, वर जीएसटी, म्हणजे २५,४३१ रुपये. फोनवर ऐकलेला आकडा हाच.

या ओळीत आणखी एक मेख आहे. ४४९ हा आजचा नूतनीकरणाचा दर आहे. अटींच्या पानावर साधारणपणे असं लिहिलेलं असतं की नूतनीकरण त्या वेळी लागू असलेल्या दराने होईल. म्हणजे चार वर्षांनी तो ५४९ झाला तरी करार मोडला असं म्हणता येत नाही. पानावरचा आकडा हा आजचा अंदाज आहे, पुढचं वचन नाही.

आणि "डोमेन फुकट"? ते पहिल्या वर्षापुरतं. होस्टिंग चार वर्षांचं घेतलं तरी डोमेनचं बिल दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी वेगळं येतं. आमच्याकडे ते करासकट १,४१६ होतं, म्हणजे उरलेल्या तीन वर्षांचे ४,२४८. स्वस्तात घेतलेल्या होस्टिंगच्या निम्मे पैसे तर एवढ्यातच गेले.

मग हा सौदा महाग पडला का?

इथे घाईने हो म्हणू नये. मी शेजारी एक दुसरा प्लॅन ठेवून पाहिला. त्याचा दर २७० रुपये महिना, सवलत काहीच नाही, पण नूतनीकरणालाही तोच दर आणि दरवर्षी पैसे भरायची सोय. करासकट वर्षाला ३,८२३ रुपये.

पहिल्या चार वर्षांत सवलतीचा प्लॅन सरळ जिंकतो. तिथे ८,४३९ लागले, इथे १५,२९३ लागले असते. पाचव्या वर्षापासून सवलतीचा प्लॅन एकेक वर्षाने वाढवला तर दर ४९९ होतो, कारण नूतनीकरणातही मुदत छोटी असली की दर चढतो. तसं केलं तर दोन्ही प्लॅनचा एकूण खर्च सहाव्या वर्षाच्या शेवटी जवळपास बरोबरीत येतो आणि सातव्या वर्षी सवलतीचा प्लॅन महाग पडू लागतो.

आता हाच सवलतीचा प्लॅन एकाच वर्षासाठी घेतला असता तर? पहिलं वर्ष करासकट २,८१८, दुसरं वर्ष ७,०६६. दोन वर्षांचे मिळून ९,८८४, आणि एकसारख्या दराच्या प्लॅनचे ७,६४६. म्हणजे तोच प्लॅन चार वर्षांसाठी घेतला तर सहा वर्षं पुरतो आणि एका वर्षासाठी घेतला तर दुसऱ्याच वर्षी तोट्यात जातो. सवलत चांगली की वाईट हे टक्क्यांवरून कळतच नाही. तुमची वेबसाइट किती वर्षं चालणार, यावर ते ठरतं.

आणि तेच तर सुरुवातीला माहीत नसतं. नवा धंदा असेल, ऑनलाइन विक्री जमेल की नाही हे पाहायचं असेल आणि दीड वर्षात ते बंद करावं लागलं, तर ८,४३९ गेलेले असतात. उरलेल्या अडीच वर्षांचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून नव्या धंद्याला मी चार वर्षांचा प्लॅन सांगत नाही, कितीही स्वस्त दिसला तरी. जुन्या, बसलेल्या दुकानाला मात्र जरूर सांगतो.

"मुदत संपली की दुसऱ्या कंपनीकडे जाऊ, त्यात काय?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे. पाटी उचलून दुसऱ्या गाळ्यावर लावता येते असं वर म्हटलंच आहे. नव्या कंपनीकडे तुम्ही नवं गिऱ्हाईक, म्हणजे सुरुवातीची सवलत पुन्हा मिळते.

फक्त दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. पहिली, डोमेन कोणाच्या खात्यात आहे? ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर पाटीच तुमच्या हातात नाही. दुसरी, हलवण्याचं काम कोण करणार? फायली, डेटाबेस आणि जुने ईमेल हे सगळं न्यावं लागतं. त्यातही ईमेल लोक विसरतात. वेबसाइट नव्या जागी उघडते, सगळे खूश होतात, आणि आठवड्याने कळतं की जुने मेल मागेच राहिले आणि आता ते खातंही बंद झालंय. हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर त्याचे पैसेही हिशेबात धरावे.

वेळेचंही पाहावं. मुदत संपायच्या काही आठवडे आधीच कार्डावरून पैसे कापायला सुरुवात करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यामुळे शेवटच्या तारखेवर विसंबून चालत नाही. इथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम आपल्या उपयोगाचा आहे. दरवेळी आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना बँकेने किमान २४ तास आधी द्यायची असते आणि असा व्यवहार १५,००० रुपयांच्या वर असेल तर ओटीपी लागतो. आमच्या दुकानदारांचे २५,४३१ यामुळेच गुपचूप कापले गेले नाहीत आणि "पैसे भरता आले नाहीत" असा मेल आला. पण रक्कम ७,०६६ असती तर एक मेसेज आला असता आणि दुसऱ्या दिवशी पैसे गेले असते. दिवाळीच्या गर्दीत दुकानात तो मेसेज कोण वाचतो?

३५ जीबी मोकळं, तरी जागा नाही

दराचा धक्का बसायच्या सहा महिने आधी याच दुकानात एक वेगळाच त्रास झाला होता. नव्या साड्यांचे फोटो चढेनात. ऑर्डरीचे मेल येईनात. पॅनेलवर मात्र ५० जीबीपैकी जेमतेम १५ जीबी वापरल्याचं दिसत होतं.

कापड बाजारातल्या माणसाला हे गोदामाच्या भाषेत लगेच कळतं. समजा गोदामाचा मालक म्हणाला, जागा हजार चौरस फूट देतो, पण आत शंभराच्या वर गठ्ठे ठेवायचे नाहीत. मग गठ्ठे लहान असले तर अर्धं गोदाम रिकामं राहतं आणि तरी एकशे एकावा गठ्ठा आत जात नाही. होस्टिंगमध्ये या गठ्ठ्यांच्या मोजणीला आयनोड म्हणतात. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, मेलबॉक्समधला प्रत्येक मेल हा एकेक गठ्ठा. जीबीचा आकडा प्लॅनच्या चौकटीत ठळक असतो, गठ्ठ्यांचा आकडा बहुधा अटींच्या पानावर आत कुठेतरी असतो. आमच्या प्लॅनमध्ये ही मर्यादा एक लाख होती.

साड्या तर सातशेच होत्या, मग एक लाख कसे झाले? वेबसाइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर होती आणि दुकानाचा भाग त्याला जोडलेल्या वूकॉमर्सवर. मोबाइलने काढलेला मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती आपोआप बनवतं: यादीसाठी लहान, पानासाठी मध्यम, मोठ्या स्क्रीनसाठी आणखी मोठ्या. मूळ फोटो धरून आठ फायली होतात आणि वूकॉमर्स आपल्या मापांच्या तीन प्रती त्यात घालतं. एका फोटोच्या साधारण अकरा फायली. सातशे साड्या, प्रत्येकीचे चार फोटो (पदर, काठ, अंग आणि ब्लाउजपीस), म्हणजे २,८०० फोटो आणि ३०,८०० फायली. त्यात वर्डप्रेस आणि प्लगइनच्या स्वतःच्या हजारो फायली आल्या, पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या प्रती आल्या, आणि चार मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं साचलेले हजारो मेल आले.

हे तपासायला cPanel मध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये, बाजूच्या पट्टीत `File Usage` किंवा `Inodes` अशी ओळ शोधावी. ती दिसत नसेल आणि प्लॅनमध्ये SSH ची, म्हणजे होस्टिंगच्या कॉम्प्युटरवर थेट कमांड चालवायची, सोय असेल, तर वेबसाइट सांभाळणाऱ्याला ही एक ओळ चालवायला सांगावी. ती खात्यातल्या फायली आणि फोल्डर मोजून आकडा देते:

```
find ~ | wc -l
```

आम्ही जुने मेल उतरवून घेतले, साठवलेल्या प्रती पुसल्या आणि मोजणी साठ हजारांवर आणली. शिवाय तेव्हापासून फोटो चढवण्याआधी त्याची लांब बाजू १,२०० पिक्सेलवर आणायची सवय लावली. वर्डप्रेस मूळ फोटोपेक्षा मोठी प्रत बनवत नाही, त्यामुळे वरची मोठी मापं गळतात आणि अकराच्या ठिकाणी आठ फायली होतात. साडीचं विणकाम त्यातही नीट दिसतं, आम्ही दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर पाहून खात्री केली.

"पण आमच्या प्लॅनवर तर अनलिमिटेड लिहिलंय"

अनलिमिटेड म्हणजे जीबी मोजत नाही, एवढंच. गठ्ठ्यांची मर्यादा तिथेही असू शकते, आणि नसली तरी वाजवी वापराचं एक कलम असतंच. त्यात बहुतेकदा असं म्हटलेलं असतं की जागा वेबसाइटसाठीच वापरायची, घरच्या फोटोंचं किंवा बॅकअपचं कोठार म्हणून नाही. काही ठिकाणी एक मर्यादा ओलांडली की खातं बंद होत नाही, पण कंपनी तुमचा रोजचा बॅकअप घेणं थांबवते. ही अट मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण तिचा परिणाम दिसत नाही. वेबसाइट छान चालू असते, आणि ज्या दिवशी बिघडते त्या दिवशी कळतं की शेवटचा बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा आहे.

अटींचं पान अख्खं वाचायला कोणाला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. ते पान उघडा, `Ctrl+F` दाबा आणि चार शब्द शोधा: `renew`, `inode`, `backup`, `refund`. प्रत्येक शब्दाच्या आजूबाजूचा परिच्छेद तेवढा वाचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

३० दिवस कधीपासून मोजायचे

"३० दिवसांत पैसे परत" हे वाक्य खरं असतं, पण ते ३० दिवस पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजतात. वेबसाइट सुरू झाल्याच्या दिवसापासून नाही. दुकानदार दिवाळीच्या ऑफरमध्ये होस्टिंग घेतात, लग्नसराईत गुंततात आणि वेबसाइटचं काम जानेवारीत सुरू होतं. तोवर परताव्याची मुदत गेलेली असते आणि होस्टिंग एकदाही वापरून पाहिलेलं नसतं.

परत मिळतात ते होस्टिंगचे पैसे. डोमेन एकदा नोंदवलं की त्याचे पैसे सहसा परत येत नाहीत. "फुकट" मिळालेलं डोमेन असेल तर त्याची किंमत परताव्यातून कापली जाते. डोमेन तुमच्याकडेच राहतं, त्यामुळे ते रास्तही आहे, फक्त आधी माहीत असावं. आणि नूतनीकरणाच्या पैशांना हा परतावा बरेचदा लागूच नसतो. ज्या वेळी रक्कम तिप्पट असते, नेमकी त्याच वेळी परतीची वाट बंद, हे वाचून दुकानदारांना फार वाईट वाटलं. मलाही वाटतं.

परतावा मागायचा तर चॅटवर बोलून थांबू नका. खात्यातून रद्द करण्याची रीतसर विनंती नोंदवा, तिचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट ठेवा. पैसे मूळ कार्डावर येणार की कंपनीच्या खात्यात जमा म्हणून पडून राहणार, हेही विचारून घ्या.

फसवणूक कुठे सुरू होते

बारीक अक्षरं म्हणजे फसवणूक नव्हे. पण पैसे भरताना तुम्ही न मागितलेली बॅकअपची किंवा सुरक्षेची जादा सेवा आधीच टिक करून बिलात घातलेली असेल, तर ती वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. न विचारता बिलात वस्तू घालणं, सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटी खर्च चढवत नेणं, वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करणं, या तिन्ही त्यात आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते.

एक अडचण मात्र सांगायला हवी. व्यापारासाठी घेतलेली सेवा या कायद्यात धरली जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच धंदा करणाऱ्याला त्यातून सूट आहे. घरून मसाले विकणाऱ्या ताईंना तिचा आधार घेता येईल, पण दहा नोकर असलेल्या पेढीला अवघड जाईल.

शेवटी आम्ही काय केलं

दुकान तीस वर्षं जुनं, वेबसाइट चालू राहणार हे नक्की. तरी पुन्हा ४८ महिन्यांची सवलत शोधत फिरायला दुकानदार तयार नव्हते. "दर चार वर्षांनी घर बदलल्यासारखं कोण करीन भाऊ?" आम्ही तो २७० रुपयांचा एकसारख्या दराचा प्लॅन घेतला. त्याची फायलींची मर्यादा दोन लाख होती, हे आधी लेखी विचारून घेतलं.

जुनी मुदत संपायला तेव्हा तीन आठवडे होते. पहिल्याच दिवशी जीएसटी नंबर टाकून पैसे भरले आणि त्याच रात्री वेबसाइटची प्रत नव्या जागी चढवली. मेल दुसऱ्या दिवशी आणले. पाटी मात्र लगेच हलवली नाही. आधी आठ दिवस आतल्या तात्पुरत्या पत्त्यावरून खोट्या ऑर्डरी टाकून पाहिल्या, फोटो चढवले, कालच्या तारखेचा बॅकअप परत उतरवता येतो का ते तपासलं. नवव्या दिवशी डोमेन नव्या होस्टिंगकडे वळवलं. दोन दिवसांनी, सगळे मेल नव्या जागी येतायत याची खात्री झाल्यावर, जुन्या खात्यातलं आपोआप नूतनीकरण बंद केलं आणि तिथे नोंदवलेलं कार्डही काढून टाकलं. नव्या कंपनीच्या ३० दिवसांपैकी तेव्हा १९ दिवस शिल्लक होते.